बोकाशीची बादली उघडली, पण आतला कचरा जसाच्या तसा! आता त्याचं काय करायचं?

*"दोन आठवडे झाकण बंद ठेवून आज उघडलं. सालं, भात सगळं ओळखू येतंय, वर पांढरी बुरशी आणि लोणच्यासारखा वास. कुजलंच नाही. गच्चीवरच्या कुंड्यांत असंच घालू का?"*

बोकाशी म्हणजे स्वयंपाकघरातला कचरा जिवाणू मिसळलेल्या कोंड्यासोबत बंद बादलीत आंबवणं. तुमची बादली बिघडलेली नाही, छान जमली आहे. फक्त कुंडीत सरळ घालू नका.

शेतकरी जनावरांसाठी मुरघास करतात, ते आठवा. हिरवा चारा दाबून, हवा काढून झाकला की त्यात आंबट आम्ल तयार होतं आणि तो कुजत नाही, टिकतो. बोकाशीत तेच घडतं. कोंड्यातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू इतकी आंबटी आणतात की सडवणाऱ्या जिवाणूंना तिथे थारा मिळत नाही. म्हणूनच सालं ओळखू येतात. पांढरी बुरशी चालते. काळी किंवा हिरवी बुरशी आणि नाल्यासारखा वास असता, तर हवा शिरली, कोंडा कमी पडला किंवा तळाचं पाणी साचलं असं समजायचं. तुमच्या बादलीत फक्त कुजण्याचं काम अजून बाकी आहे. ते मातीत व्हायचं आहे.

मी सोलापुरात राहते. पहिल्या वर्षी मीही हे मिश्रण मोगऱ्याच्या कुंडीत मुळांजवळ दाबलं. आठवड्यात पानं पिवळी पडली आणि कोवळी मुळं तपकिरी झाली. आंबटी तर होतीच, शिवाय कुजताना माती गरम होते आणि मुळांना लागणारी हवा जिवाणूच वापरून टाकतात. त्यामुळे आता आधी मातीत मुरवते, मगच झाडांना देते.

जुना रंगाचा डबा किंवा फुटका टब घ्या, तळाला भोकं पाडा. आंबवलेला कचरा एक बादली, तर माती दोन बादल्या. मोठे तुकडे खुरप्याने चिरा. तळाला चार बोटं माती, मग माती आणि कचरा एकत्र कालवून, वर परत चार बोटं कोरडी माती. वरचा थर महत्त्वाचा आहे. तो पातळ पडला की माशा आणि उंदीर येतात. झाकण असलंच तर सैल, कारण आता हवा हवी आहे.

इथे आपल्याकडची काळी माती घात करते. मी एकदा शेतातली नुसती काळी माती ओली करून वापरली. आठ दिवसांनी उकरलं तर चिखलाचे गोळे, आत राखाडी रंग आणि कुजका वास. ओली काळी माती घट्ट बसते, हवा आत जात नाही. तो टब मी गच्चीवर पसरवला, ढेकळं फोडली, जुन्या कुंडीतली कोरडी माती आणि थोडी जाड वाळू मिसळली, मग पुन्हा भरला. तीन दिवसांत वास गेला. तेव्हापासून काळी माती निम्म्याहून कमी ठेवते. आंबटीसाठी वेगळा चुना घालत नाही. आपल्या मातीत बहुतेक ठिकाणी चुनखडी असतेच.

एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण येते. माती सुकली की काम थांबतं आणि महिन्यानेही साल तशीच राहते. नळाला रोज पाणी नसतं, म्हणून मी भाज्या धुतलेलं पाणी शिंपडते. मूठ आवळली की गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, इतकाच ओलावा. टब सावलीत ठेवते.

दोन ते चार आठवड्यांत चाचणी घ्या. उकरल्यावर वास पावसातल्या मातीसारखा यायला हवा आणि भात-भाजी ओळखू येऊ नये. डाळिंबाची जाड साल आणि शेंगांची टरफलं उरतात, ती पुढच्या टबात टाका. मग वाटीभर माती घेऊन त्यात मेथी पेरा. तीन-चार दिवसांत बहुतेक दाणे उगवून पानं हिरवी आली, तर माती तयार. दाणे कुजले किंवा मुळांची टोकं तपकिरी झाली, तर अजून आठवडाभर थांबा.

वापरताना कुंडीतल्या मातीत तीन भागांना एक भाग, यापेक्षा जास्त नको. आपल्या उरलेल्या भाजीत, लोणच्यात मीठ असतं. त्यात बोअरचं पाणी घातलं की क्षार साचतात आणि पानांच्या कडा करपतात. अंगणात जागा असेल तर हा सगळा खटाटोप टळतो. झाडापासून हातभर अंतरावर वीतभर खोल खड्डा खणा, कचरा मातीत मिसळून झाका आणि त्या जागी निदान दोन आठवडे काही लावू नका.

बादलीच्या तोटीतलं पाणी रोज-दोन रोजांनी काढत जा. ते झाडांना द्यायचं तर एका भागाला शंभर भाग पाणी, आणि ते फक्त मातीत, पानांवर नको. तसं करायचं नसेल तर संडासात ओता. तेही ठेवून दिलं तर सडतं, म्हणून त्याच दिवशी संपवा.