तक्ता बिघडला म्हणतेस ते

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर रडत होतीस, म्हणून मी फार बोलले नाही. आज सांगलीत पाऊस आहे, बाहेर जायचं नाही, तेव्हा बसून सविस्तर लिहिते. तुझं म्हणणं असं, की बाळ आधी पाऊण पाऊण तास प्यायचं, आता बारा-पंधरा मिनिटांत सोडतं. आधी दुपारी पाच तास सलग झोपायचं, आता दोन-अडीच तासांत उठतं, रात्री तर चारदा. तुझ्या नवऱ्याने पुण्याहून छापून पाठवलेल्या त्या रंगीत तक्त्यात सगळे आकडे खाली आलेत, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

काही बिघडलेलं नाही. तक्ता आत्ता कुठे खरं बोलायला लागलाय. आधी तो खोटं बोलत होता, आणि तुम्ही दोघं त्यावर खूश होतात.

तुझं नवव्या दिवसाचं पान माझ्यासमोर आहे. तू फोनवर पाठवलंस ते मी एका वहीत उतरवून घेतलंय, कारण मला त्या छोट्या पडद्यावर काही दिसत नाही. पाजण्याच्या सात वेळा. कालावधीची बेरीज ५ तास २० मिनिटं. झोपेची बेरीज १८ तास. आता दोन्ही एकत्र कर. २३ तास २० मिनिटं होतात. उरलेल्या ४० मिनिटांत बाळाचं तेल लावणं, अंघोळ, धुरी, लंगोट बदलणं, रडणं, सगळं झालं म्हणतेस? तुझा नवरा इंजिनियर आहे ना? एवढी बेरीज त्याने कशी सोडली?

अगं, ते बाळ अंगावरच झोपत होतं. तू पदराखाली घेतलंस की घड्याळ सुरू, बाजूला ठेवलंस की बंद. मधली दहा मिनिटं ते प्यायलं असेल, उरलेला वेळ तोंडात धरून पेंगत होतं. रकान्यात मात्र ‘५० मि.’ आणि शेऱ्यात काय, तर ‘छान प्यायला’, ‘गाढ झोप’, ‘शांत’. पोरी, ‘छान’ हे तुझं मत झालं. शेऱ्याच्या रकान्यात मत लिहायचं नसतं. जे दिसलं आणि जे ऐकू आलं तेवढंच लिहायचं.

हे मी तुला बाराव्या दिवशीही सांगितलं होतं आणि पुन्हा सांगणार आहे.

ऐकायचं काय, तर घुटका. बाळ तोंडाला लागलं की आधी भराभर चोखतं, त्यात दूध फारसं नसतं. मिनिटभराने पान्हा सुटला की चाल बदलते. जबडा खोल खाली जातो, क्षणभर थांबतो, आणि घशातून ‘क्’ असा बारीक आवाज येतो. एक-दोन चोखण्यांमागे एक घुटका, असं चाललंय तोवर बाळ पितंय. मग आवाज विरळ होतो आणि हनुवटी नुसती थरथरते. ते पिणं नाही, तो चाळा. चाळ्याने पोट भरत नाही. तेव्हा शेऱ्यात लिहायचं, ‘घुटके ८ मिनिटं, मग थरथर, झोपला.’ कालावधी ५० लिही नाहीतर ५, मला त्यात रस नाही.

आणि शू. तुझ्या तक्त्यात शूचा रकानाच नव्हता! वेळ आहे, कालावधी आहे, बाजू आहे, झोपेसाठी निळा रंग आहे, आणि शू नाही. आत किती गेलं ते अंगावर पिणाऱ्या बाळाचं मोजता येत नाही, बाहेर किती आलं ते येतं. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा वेळा, तीही फिकट. शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत काळी-हिरवी संपून मोहरीसारखी पिवळी, दिवसातून तीन-चारदा. तुला मी विचारलं तेव्हा आठवून सांगितलंस, ‘तीनदा झाली असेल, आणि लंगोटावर विटकरी डाग होता, आई म्हणाली उष्णता असेल.’ पहिल्या दोन-तीन दिवसांत तसा डाग दिसला तर चालतं. नवव्या दिवशी तो डाग म्हणजे दूध कमी पडतंय.

वजनानेही तेच सांगितलं. जन्मताना २.९ किलो, घरी आलात तेव्हा २.७. इथपर्यंत ठीक, सुरुवातीला थोडं वजन सगळ्यांचंच उतरतं. पण सातव्या दिवशी आशाताईच्या काट्यावर २.६८ आणि बाराव्या दिवशी दवाखान्यात २.६६. पाचव्या दिवसानंतर काटा वर जायला हवा, दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं. तुझा उतरतच होता. आणि घरात सगळे म्हणत होते, किती गुणी बाळ, रडतसुद्धा नाही! कमी प्यायलेलं बाळ रडतच असं नाही. त्याच्यात रडायची ताकद राहत नाही, ते झोपतं. झोपलं म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून आणखी झोपतं.

मला हे इतकं ठासून का सांगावंसं वाटतं, ते तुझ्या आईला थोडं माहीत आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मिरजेला होते. रात्रपाळीला एका तिसऱ्या दिवसाच्या बाळाच्या कागदावर मी लिहिलं, ‘दूध घेतले. शांत झोप.’ खरं तर मी ते दूध घेताना पाहिलंच नव्हतं, दोनदा जवळून गेले तेव्हा ते आईच्या कुशीत होतं एवढंच. सकाळी घरी गेले ते लोक. सहाव्या दिवशी बाळ परत आलं, पिवळंधमक, ओठ कोरडे, उचललं तरी डोळे उघडेना. सलाईन लागलं, निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, वाचलं. कागद उलटला तर वर माझंच अक्षर. आता म्हणशील, मावशी, एकटीकडे ३० खाटा होत्या, काय करणार? मीही स्वतःला हेच सांगत आले. ३० खाटा होत्या हे खरंच आहे. पण ‘पाहिले नाही’ असं लिहायला काय लागत होतं? रकाना रिकामा ठेवला असता तर सकाळच्या डॉक्टरांनी विचारलं तरी असतं. म्हणून लोक मला हट्टी म्हणतात, म्हणोत.

असो. तुझ्याकडे वळते.

बाराव्या दिवशी मी आधी डॉक्टरांकडे जा म्हणाले, ते बरोबरच होतं. कावीळ नाही ना, जिभेखालची शिर आखडलेली नाही ना, हे बघायलाच हवं होतं. मग घरी जे केलंस ते पुन्हा लिहून ठेवते, कारण तू दमलीस की विसरशील. बाळाचं पोट तुझ्या पोटाला, तोंड मोठं उघडल्यावरच घ्यायचं, हनुवटी छातीला टेकलेली, काळा भाग वरच्या ओठावर जास्त दिसेल आणि खाली कमी. थरथर सुरू झाली की छाती हाताने अलगद दाबून धरायची, पुन्हा दोन-चार घुटके येतात. ते थांबले की दुसरी बाजू. दिवसातून तीनदा पाजून झाल्यावर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचं. आणि वजन भरून येईपर्यंत एका वेळच्या सुरुवातीपासून पुढच्या वेळच्या सुरुवातीपर्यंत तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. अंतर सुरुवातीपासून मोजायचं. तू शेवटापासून मोजत होतीस, त्यामुळे ५० मिनिटांचं पेंगणं धरून तुझे तीन तास जवळजवळ चार होत होते.

सगळ्यात मोठी चोरी अंघोळीची होती. न्हाऊ घालणाऱ्या बाई दहाला येतात, तेल चोळतात, कढत पाणी, धुरी, घट्ट गुंडाळतात, आणि बाळ तीनपर्यंत पडून. तुझी आजी म्हणते, झोपलेल्या बाळाला उठवू नये. आजीचं म्हणणं तीन महिन्यांच्या गुबगुबीत बाळाला लागू. अंघोळीआधी पाज, एक वाजता दुपटं सोड, लंगोट बदल, तळपाय चोळ, उठेल. धुरी बंद कर, हे मी बाईंनाही सांगितलंय, त्या माझ्यावर रागावल्यात.

आता कालचं, एकविसाव्या दिवसाचं पान बघ. पाजण्याच्या अकरा वेळा, सगळ्यांची बेरीज जेमतेम ३ तास. झोप साडेचौदा तास. शू आठ, शी चार, पिवळी. आशाताईचा काटा २.९१. चौदाव्या दिवशी २.७० होता, म्हणजे सात दिवसांत २१० ग्रॅम, रोजचे ३०. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढले की मी समाधानी असते. जन्माचं वजन थोडं उशिरा भरलं, पण भरलं. बारा मिनिटांत सोडतो, कारण बारा मिनिटांत पोट भरतं. रात्री उठतो, कारण आता उठायची ताकद आलीय. आणि तू या पानावर रडतेस!

नवऱ्याला सांग, सरासरी काढू नकोस. संध्याकाळी सहा ते नऊ बाळ अर्ध्या अर्ध्या तासाने मागतं आणि मग जरा लांब झोपतं, त्याची सरासरी काढून काय कळणार? त्या वेळी घरातलं कुणीतरी ‘दूध पुरत नाही, डबा आणा’ म्हणेलच. तेव्हा वाद घालू नकोस, त्या दिवसाच्या शूचा आकडा दाखव. आणि ०३:१७ ते ०३:२९ असलं काही लिहू नकोस, ‘सव्वातीन’ पुरे. पहाटे घड्याळ बघायला दिवा लावतेस, बाळाची झोप मोडते, तुझीही.

मी आखलेलं पान असं भर:

| वेळ | किती वेळ | शेरा |
|---|---|---|
| सव्वातीन | १२ मि., दोन्ही बाजू | घुटके ऐकू आले, स्वतः सोडलं, मुठी सैल. शू. |
| साडेपाच | १० मि., डावी | घुटके ५ मि., मग थरथर, दाबल्यावर पुन्हा ३ मि. शू, शी पिवळी. |
| ८ | – | मी झोपले होते, आईने उचलून दिलं. पाहिलं नाही. |

तिसरी ओळ मला सगळ्यात आवडते.

रात्री त्या फुगणाऱ्या डायपरमध्ये शू कळत नाही अशी तक्रार होती. एका कोऱ्या डायपरमध्ये तीन टेबलस्पून पाणी ओतून हातात धरून बघ. एका शूचं वजन साधारण तेवढं. दिवसा सुती लंगोटच ठेव.

शू सहाच्या खाली गेली, बाळ दोन वेळा ओळीने प्यायला उठेना, अंग गरम किंवा गार लागलं, किंवा पिवळेपणा पायापर्यंत उतरला, तर पान भरत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. बाकी अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताई येईल. तेव्हाही काटा असाच वर गेला असेल तर झोपेचा रकाना बंद कर, आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या फेरीनंतर वहीच बंद. शी पुढे कधी दोन-चार दिवस होणार नाही, महिना-दीड महिन्यानंतर अंगावरच्या बाळांचं तसं होतं. त्याचा फोन मला रात्री अकराला नको.

आखलेली पानं सोबत पाठवतेय, रेघा वाकड्या आहेत, चष्मा सापडत नव्हता. अठ्ठाविसावा आकडा मात्र रात्री कितीही वाजता कळव. आणि शेऱ्यात पुन्हा ‘छान’ दिसलं तर मी पलूसची एसटी धरून येईन.

तुझी,
मावशी