बिलावर २२ कॅरेट, तपासणीत कमी: सराफाला पत्र कसं लिहावं?

प्रश्न: २०२३ च्या शेवटी पाटल्यांची जोडी घेतली. बिलावर २२ कॅरेट, निव्वळ वजन २० ग्रॅम, दर ६,००० रुपये. परवा दुसरीकडे मशीनवर टंच काढला तर ८८.३० आला. सराफ म्हणतो, "आमचं सोनं चोख आहे, बाहेरचं आम्ही मानत नाही." लेखी पत्र द्यायचं आहे. त्यात काय लिहू? वकील लागेल का?

उत्तर: वकील आत्ता नको, पत्रही आज नको. आधी पाटल्यांचा नीट टंच काढून घ्या. काही वर्षं हॉलमार्किंग केंद्रात काम केलंय, त्यामुळे अशा पत्रांना सराफ काय उत्तर देतात ते पाठ झालंय. पहिलं उत्तर तुम्हाला तोंडी मिळालेलंच आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्य आहे.

तुमचा ८८.३० आकडा बहुधा एक्सआरएफ मशीनचा असणार. दागिना डबीत ठेवतात, मिनिटभरात पडद्यावर टक्केवारी येते. हे मशीन धातूचा फक्त वरचा, काही मायक्रॉनचा थर वाचतं. त्याच्या किरणाखाली नेमका डाखाचा सांधा आला तर टंच कमी दिसतो, वर सोन्याचा मुलामा असेल तर जास्त दिसतो. म्हणून एकाच ठिकाणी घेतलेला आकडा आणि पेढीचा शिक्काही नसलेली चिठ्ठी पत्राला जोडू नका.

अर्थात २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, आणि तुमचे ८८.३० टक्के म्हणजे ८८३. ही हजारी ३३ ची तूट झाली, आणि एवढा फरक निव्वळ मशीनच्या चुकीचा सहसा नसतो. ९१३-९१४ आलं असतं तर मी तुम्हाला एवढ्यावर भांडू नका म्हटलं असतं. "थोडं कमी चालतं" असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. भारतीय मानक आयएस १४१७ मध्ये ९१६ च्या खाली सूट नाही.

आता पाटल्या भिंगाखाली धरा. आतल्या बाजूला बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, `22K916` आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, तेव्हा तुमच्यावर तो हवाच. प्रत्येक पाटलीचा वेगळा. मोबाईलवरच्या `BIS Care` ॲपमध्ये `Verify HUID` वर जाऊन दोन्ही टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्क करून घेणारा कोण ते दिसेल. तिथे प्रकार 'अंगठी' आला किंवा नोंदच नसेल, तर प्रकरण कॅरेटच्या वादापुरतं राहत नाही. ते खोट्या शिक्क्याचं होतं आणि तक्रार थेट बीआयएसकडे जाते. स्क्रीनचे फोटो ठेवा.

सगळं जुळलं तर बीआयएसमान्य केंद्रात जा आणि 'फायर असे' ही भट्टीतली तपासणी करायला सांगा. यात दागिन्याचा अगदी छोटा तुकडा कापून घेतात. तो चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत मुशीवर ठेवतात. शिसं तांबं-जस्तासकट मुशीत मुरतं. उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात आणि शेवटी राहिलेलं शुद्ध सोनं तोलतात. पाटलीला छोटी जखम होते, पण या आकड्यावर सराफाला बोलायला जागा राहत नाही. नमुना डाखापासून लांब घ्यायला सांगा. अहवालावर दोन्ही एचयूआयडी आणि दोन्हींचं वेगवेगळं वजन आलंच पाहिजे, नाहीतर "या आमच्या पाटल्याच नव्हेत" हे पुढचं वाक्य तयार असतं. पत्र निकाली निघेपर्यंत पाटल्या मोडीत घालू नका आणि दुसऱ्या सोनाराकडून डाखही लावून घेऊ नका.

मागायचं किती, ते बीआयएसच्या २०१८ च्या नियमांतला ४९ वा नियम सांगतो. हॉलमार्कच्या दागिन्याची शुद्धता कमी निघाली तर विकलेल्या वजनावर तुटीची जी रक्कम होते तिच्या दुप्पट, आणि शिवाय तपासणीचा खर्च. अहवालातही ८८३ च आलं असं धरू. २० ग्रॅमचे ६,००० ने १,२०,००० रुपये झाले. ३३ ला ९१६ ने भागून त्याला गुणलं की तूट ४,३२३ रुपये, दुप्पट ८,६४६. लोक इथे हमखास २४ कॅरेटचा दर लावतात किंवा आजचा भाव घेतात. मग सराफ हिशेबच खोडून काढतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. बिलावरचाच दर घ्या.

पत्र एका पानाचं असू द्या:

> मा. मालक / व्यवस्थापक,
> आपल्या पेढीतून दि. ___ रोजी बिल क्र. ___ अन्वये मी सोन्याच्या पाटल्यांची जोडी खरेदी केली. बिलावर शुद्धता २२ कॅरेट (९१६), निव्वळ वजन २० ग्रॅम व दर प्रति ग्रॅम ६,००० रुपये नमूद आहे. पाटल्यांवरील एचयूआयडी ___ व ___ असे आहेत.
> दि. ___ रोजी बीआयएसमान्य केंद्रात फायर असे पद्धतीने केलेल्या तपासणीत दोन्ही पाटल्यांची शुद्धता ८८३, म्हणजे सुमारे २१.१९ कॅरेट आढळली. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.
> बीआयएस नियम, २०१८ मधील नियम ४९ नुसार तुटीच्या दुप्पट ८,६४६ रुपये व तपासणी खर्च ___ रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावेत. अहवाल मान्य नसल्यास त्याच मुदतीत लेखी कळवावे. आपल्या व माझ्या समक्ष दुसऱ्या मान्य केंद्रात फेरतपासणी करण्यास मी तयार आहे.

'फसवणूक', 'भेसळ', 'लुबाडलं' हे शब्द पत्रात आणू नका. बऱ्याचदा किरकोळ पेढीने माल घाऊक कारागिराकडून घेतलेला असतो आणि मालकालाही तूट पत्रातूनच कळते. आरोप केला की तो वकील गाठतो. नुसता आकडा दिला तर तो आधी कारागिराला फोन लावतो. समक्ष फेरतपासणीची ओळ मात्र गाळू नका, कारण ती नाकारणारा पुढे ग्राहक आयोगासमोर अडचणीत येतो.

"वापरून झिजलं असेल" असं उत्तर आलं तर एवढंच लिहा की झिजेने वजन कमी होतं, टंच नाही.

मूळ बिल आणि मूळ अहवाल स्वतःजवळ ठेवा, प्रती जोडा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. १५ दिवसांत काही आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि बीआयएसकडे तक्रार करा, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. आयोगाची मुदत साधारण दोन वर्षांची असते. ती खरेदीपासून मोजायची की तूट कळल्यापासून, यावर समोरचा वकील नक्की अडवेल, आणि तुमची खरेदी २०२३ ची आहे. म्हणून तपासणी याच आठवड्यात उरका.