ताईच्या लग्नातलं दोन भाषांतलं निवेदन

"आई, ताईच्या लग्नात निवेदन मी करायचं असं मावशीने ठरवून टाकलंय. अर्धे पाहुणे आपले आणि अर्धे नवरदेवाकडचे, त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नाही. प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि मग इंग्रजीत म्हणू का? आपल्या लग्नात नक्की काय काय सांगावं लागतं? तू मंडळाच्या कार्यक्रमांत हे कसं करतेस?"

प्रिय सोनू,

प्रत्येक वाक्य दोनदा म्हणू नकोस. वेळ दुप्पट लागतो हे तर आहेच, पण खरी अडचण वेगळी आहे. ज्यांना पहिल्याच वेळी कळलं ते दुसऱ्या वेळी ऐकत नाहीत, शेजाऱ्याशी बोलायला लागतात. मग त्या कुजबुजीत ज्यांच्यासाठी दुसऱ्यांदा सांगायचं त्यांनाच ऐकू येत नाही. पुढच्या वेळी तेही लक्ष काढून घेतात. हॉलमध्ये आवाज वाढायला लागला आणि तो बरोबर भाषा बदलताना वाढतोय असं जाणवलं, तर समज की तू भाषांतर करायला लागला आहेस.

आपण राहतो त्या देशात याचा सराव जुना आहे. कॅनडात १९६९ च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही राजभाषा झाल्या. १ जुलैच्या समारंभातली भाषणं तू टीव्हीवर पाहिली आहेस. वक्ता थोडं इंग्रजीत बोलतो, मग फ्रेंचमध्ये जातो, पण मागचं सगळं परत सांगत नाही, पुढे चालू ठेवतो. मी मंडळाच्या व्यासपीठावर तेच करते. भाषा बदलते, गोष्ट पुढे सरकते.

आता लग्नाचं. संहिता लिहायला बसलास की प्रत्येक विधीपाशी एकच विचार कर: हे कोणाला आधीपासून माहीत आहे आणि कोणाला नाही? अंतरपाट म्हणजे काय हे आपल्याकडच्यांना सांगायची गरज नाही. त्यांना ऐकायचं असतं की मामा कुठून आले, मंगलाष्टकं कोण म्हणणार, पणजीची पैठणी कोणी नेसली आहे. नवरदेवाकडच्यांना यातलं काही नको असतं. समोर काय चाललंय आणि आपण काय करायचं, एवढं कळलं की ते खूश असतात. म्हणून दोन भाषांतली वाक्यं मुळातच वेगळी असतात. सारखी असतात ती फक्त सूचना: उभे राहा, अक्षता टाका, जेवण कुठे आहे. त्या दोन्ही भाषांत पूर्ण सांगायच्या, कारण साताऱ्याहून आलेल्या आजीला इंग्रजी सूचना कळणार नाही.

आपल्याकडच्या बहुतेकांना इंग्रजी येतं, तिकडच्या कोणालाच मराठी येत नाही. त्यामुळे सगळं इंग्रजीत उरकायचा मोह होईल. तसं करू नकोस. लग्न मराठी पद्धतीचं आहे आणि आजी-आजोबा पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्या नातीच्या लग्नात त्यांना पाहुण्यासारखं वाटता कामा नये.

आणखी एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. ज्यांना पुढच्या क्षणी काहीतरी करायचं आहे, त्यांची भाषा शेवटी येते. माणूस शेवटचं ऐकलेलं करतो. मामांनी नवरीला आणायचं असेल तर शेवटचं वाक्य मराठीत, नवरदेवाच्या आईला पुढे बोलवायचं असेल तर इंग्रजीत. हे उलटं झालं की ज्याने उठायचं तो बसून राहतो आणि सगळा हॉल त्याच्याकडे पाहतो.

अंतरपाटापासून हार घालेपर्यंतचा भाग मी तुला लिहून देते, कारण तिथेच निवेदन सगळ्यात जास्त कामी येतं. नवरी मंडपाच्या दाराशी आली की आधी इंग्रजी:

"द ब्राइड विल वॉक इन विथ हर मदर्स ब्रदर. इन अ मराठी वेडिंग, दॅट ऑनर इज हिज. प्लीज स्टँड."

मग मराठी:

"नवरीला घेऊन येताहेत तिचे मामा. या क्षणासाठी ते खास नाशिकहून आले आहेत. आपण सगळे उभे राहूया. या मामा."

'उभे राहा' दोन्हीकडे आहे, बाकी काहीही सारखं नाही, आणि शेवट मामांच्या भाषेत आहे. नवरी पाटावर उभी राहिली, मधे अंतरपाट धरला, की पुन्हा इंग्रजी:

"द क्लॉथ कीप्स द टू ऑफ देम फ्रॉम सीइंग ईच अदर. द फॅमिली विल नाऊ सिंग ब्लेसिंग्ज, फाइव्ह व्हर्सेस. ईच व्हर्स एंड्स विथ द वर्ड सावधान. व्हेन यू हिअर इट, टॉस अ फ्यू पेटल्स. सेव्ह द रेस्ट फॉर द लास्ट वन. लेट्स ट्राय इट वन्स: सावधान!"

हॉलकडून एकदा 'सावधान' म्हणवून घे. त्यांच्या कानाला तो शब्द ओळखीचा झाला की ते दर कडव्याला वाट पाहतात. मग आपल्याकडच्यांना सांग:

"अक्षता सगळ्यांच्या हातात आल्या का? शेजारच्या पाहुण्यांकडे नसतील तर आपल्यातल्या द्या. पहिलं मंगलाष्टक म्हणताहेत नवरीची आजी."

यातलं मधलं वाक्य वगळू नकोस. त्या एका वाक्याने आपली माणसं शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळतात, आणि पुढचा अर्धा तास विधी समजावण्याचं काम तीच आपणहून करतात.

इंग्रजीत 'पाच कडवी' म्हटलंय, पण तो आकडा आधी नक्की करून घे. नाव मंगलाष्टक असलं तरी दरवेळी आठ म्हणतातच असं नाही, आणि आपल्याकडे मावश्या-आत्या स्वतः रचलेलंही एखादं म्हणतात. सावकाश गायलेल्या एका कडव्याला साधारण पाऊण मिनिट लागतं. किती आहेत हे सांगितलं नाही तर तिकडचे पाहुणे पहिल्याच 'सावधान'ला सगळ्या पाकळ्या उधळून मोकळे होतात आणि पुढे नुसते उभे राहतात. दुसऱ्या कडव्यानंतर तिसऱ्या-चौथ्या रांगेकडे बघ. मुठी अजून बंद असतील तर पुढच्या 'सावधान'ला तू स्वतः हात उंच करून अक्षता टाक. माईकवर काही बोलायची गरज नाही.

मंगलाष्टकं चालू असताना एक शब्दही बोलू नकोस, इंग्रजीतही नाही. गाण्यावर बोललेलं निवेदन दोन्ही बाजूंना खटकतं. शेवटच्या कडव्यानंतर अंतरपाट खाली येतो, वाजंत्री वाजतात, हार घातले जातात. ते सगळ्यांना दिसतं, त्याला कुठलीच भाषा लागत नाही. वाजंत्री थांबल्यावर मग दोघांचं अभिनंदन कर.

हॉलवाल्यांना एक आधीच विचारायला मावशीला सांग: तांदूळ चालतील का? बऱ्याच ठिकाणी जमिनीवर धान्य टाकू देत नाहीत आणि होमाच्या अग्नीसाठी वेगळी परवानगी लागते. पाकळ्या ठरल्या तर संहितेत इंग्रजीत 'पेटल्स' आणि मराठीत 'अक्षता' असू दे. आपल्या माणसांना हातात काय आहे ते दिसेलच.

विनोदांचं आता सांगते. समर्थ रामदास 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघून गेले ही आख्यायिका मराठी माणसाला लहानपणापासून माहीत असते, त्यामुळे कोणीतरी तुला म्हणेलच की हा विनोद घाल. मराठीत सांगितलास तर अर्धा हॉल हसेल आणि उरलेला अर्धा आपल्याला हसले का म्हणून बघत राहील. म्हणून तो इंग्रजीत सांग, गोष्टीसारखा: बारा वर्षांचा एक मुलगा, त्याचं लग्न, तो हा शब्द ऐकतो, पळून जातो आणि पुढे मोठा संतकवी होतो. आपली माणसं दुसऱ्या वाक्यालाच ओळखतात, तिकडच्यांना शेवटी कळतं, आणि हसू एकाच वेळी येतं. एकाच भाषेत हसवणारा विनोद संहितेत नको, कितीही चांगला असला तरी.

उखाण्याचं मात्र भाषांतर करायला जाऊ नकोस. यमक गेलं की उरतं काय? त्याऐवजी आधी इंग्रजीत सांगून ठेव की ही दोन ओळींची कविता आहे, दुसऱ्या ओळीत जोडीदाराचं नाव लपलेलं असतं, आणि नाव ऐकू आलं की ओरडायचं. मग ताईला घेऊ दे. तिच्यासाठी मी एक केला आहे, आवडला तर सांग:

"आजीच्या अंगणात तुळस, आजोबांच्या हाती पुस्तक,
(अमुक)चं नाव घेते, सर्वांपुढे नतमस्तक."

मुलाचं नाव तिकडच्या पाहुण्यांच्या ओळखीचंच असतं, म्हणून पूर्ण मराठी उखाणा असूनही त्याच क्षणी दोन्ही बाजू ओरडतात. नवरदेवालाही एक घ्यायला लाव. इंग्रजीत घेतला तरी चालेल, फक्त यमक हवं आणि ताईचं नाव दुसऱ्या ओळीत यायला हवं.

नावांच्या बाबतीत दोन्ही भाषांत मान सारखा राहिला पाहिजे. मराठीत 'नवरीच्या आजी' आणि इंग्रजीत त्यांचं नुसतं पहिलं नाव, असं होऊ देऊ नकोस. इंग्रजीतही 'द ब्राइड्स ग्रँडमदर' म्हण आणि मग पूर्ण नाव घे. मुलाच्या आईला मराठीत 'विहीणबाई' म्हण. आपल्या बायका लगेच आनंदाने त्यांच्याकडे वळून बघतील, मग इंग्रजीत एका वाक्यात त्यांना सांग की आता तुम्ही आमच्या कुटुंबातल्या झालात. तिकडच्या मंडळींची आडनावं त्यांच्याकडूनच ऐकून घे आणि जशी ऐकलीस तशीच देवनागरीत लिही. इंग्रजी स्पेलिंग बघून व्यासपीठावर वाचायला गेलं की चुकतं.

संहिता कार्डांवर लिही, एका विधीला एक कार्ड. मराठी एका रंगात, इंग्रजी दुसऱ्या. मराठी देवनागरीतच लिही. रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी वाचताना तुझे 'ट' आणि 'त' सारखेच होतात, आणि आजोबांना ते पहिल्या वाक्यात कळेल. एका भाषेत सलग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त बोलू नकोस, म्हणजे साठ-पासष्ट शब्द. कार्डावर त्याहून जास्त भरले तर त्या कार्डाची दोन कर. गुरुजींना आदल्या दिवशी भेट आणि प्रत्येक विधीआधी तुझ्यासाठी अर्धं मिनिट थांबाल का, असं विचार. ते सहसा हो म्हणतात, पण आधी सांगितलं नसेल तर ते मंत्र सुरू करतात आणि तू हातात कार्ड घेऊन उभा राहतोस.

सप्तपदी आणि कानपिळीची कार्डं तू स्वतः लिही आणि मला फोनवर वाचून दाखव. कानपिळीत नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळायला तूच बोहल्यावर जाणार आहेस, तेव्हा तेवढ्या वेळापुरता माईक कोणाकडे द्यायचा ते मावशीशी बोलून ठेव.

तुझी,
आई