तिरक्या टेबलावरचे लक्स: दोन कोसाइन गुणण्याआधी दिवा कुठल्या बाजूला आहे ते पाहा

प्रश्न: उद्यमबागेत (बेळगाव) आमच्याकडे कास्टिंग तपासायची दोन टेबलं आहेत, दोन्ही ३० अंश तिरकी. दोन्हींसाठी दिवा टेबलाच्या मध्यापासून आडवा १.२ मीटर आणि उंच १.६ मीटर. त्या दिशेला तीव्रता ८०० कँडेला. दोन्ही कोन धरून कोसाइन गुणले तर १३९ लक्स येतात. एका टेबलावर मीटर तेवढंच दाखवतो, दुसऱ्यावर २०० च्या आसपास. मीटर बिघडलाय का?

उत्तर: मीटर ठीक आहे. गुणाकाराची ही पद्धत एकाच परिस्थितीत बरोबर येते, आणि तुमचं पहिलं टेबल नेमकं त्या परिस्थितीत आहे. म्हणून चूक लपून राहते.

कोसाइनमधला कोन हा किरण आणि पृष्ठभागावरचा लंब यांच्यातला. टेबल तिरकं केलं की लंबही कलतो. तो दिव्याकडे कलला की कोन घटतो, उलट कलला की वाढतो. तुमचा किरण उभ्या रेषेशी सुमारे ३६.९ अंश करतो. टेबलाचा उतार दिव्याकडे असेल तर कोन ३६.९ वजा ३०, म्हणजे जेमतेम ७ अंश. उतार पाठमोरा असेल तर बेरीज, जवळपास ६७ अंश. दिवा उताराला काटकोनात, म्हणजे बाजूला असेल तरच दोन कोसाइनचा गुणाकार लागू पडतो.

कोनांच्या भानगडीत न पडता मी हे सूत्र वापरायला सांगेन:

```
E = I × (x·sinβ + h·cosβ) / d³
```

इथे β म्हणजे टेबलाचा तिरकेपणा, h म्हणजे दिव्याची त्या बिंदूपासूनची उंची (जमिनीपासूनची नव्हे) आणि d म्हणजे दिव्यापासून बिंदूपर्यंतचं थेट अंतर, तुमच्याकडे बरोबर २ मीटर. x म्हणजे आडव्या अंतराचा फक्त तेवढा भाग, जो टेबल ज्या दिशेला उतरतं त्या दिशेत आहे. दिवा मागे असेल तर तो उणे. घन पाहून दचकू नका, एक d कोसाइनमधूनच आलाय.

समोर दिवा: x = १.२, कंसात ०.६ + १.३८६, भागिले ८, गुणिले ८०० म्हणजे १९९ लक्स. बाजूला दिवा: x = ०, म्हणून १३९. पाठमोरा: x = −१.२, फक्त ७९. दिवा तोच, अंतर तेच, पण अडीच पटीचा फरक. कंसाची किंमत उणे आली तर उत्तर शून्य धरा, तिथे थेट प्रकाश पोचतच नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. मीटरचा पांढरा घुमट टेबलाच्या फळीवर, फळीइतकाच तिरका टेकवायचा. हातात आडवा धरला तर तिन्ही ठिकाणी १६० दिसेल, दिव्याकडे रोखून धरला तर तिन्ही ठिकाणी २००. प्रकाशाचा अहवाल देणारं एक कार्यालय मीटर आडवाच धरून मोजतं. नाव घेत नाही. कागदावर १६० आणि पाठमोऱ्या टेबलावर खरे ७९, मग बारीक भेग सुटली की ठपका तपासणाऱ्या पोरांवर. त्यावर उपाय म्हणून जास्त वॅटचे दिवे खपवले जातात. याचा मला खरंच संताप येतो, कारण टेबल फिरवलं असतं तर एक रुपयाही लागला नसता.

हे सगळं दिवा बिंदूसारखा मानला तरच. अंतर दिव्याच्या सर्वांत मोठ्या मापाच्या पाचपट तरी हवं. २ मीटरवर ४० सेंटीमीटरपर्यंतचा दिवा चालेल, चार फुटी ट्यूब नाही. शिवाय ८०० कँडेला हा आकडा त्याच दिशेचा असल्याची खात्री करा. सरळ खालचा आकडा बहुतेक वेळा वेगळा असतो.

छपरात पारदर्शक पत्रे असतील तर अंधार पडल्यावर मोजा. भिंतीवरून येणारा प्रकाश वेगळा काढायचा तर दिवा आणि मीटर यांच्या मध्ये, मीटरवर जेमतेम सावली पडेल एवढं छोटं काळं पुठ्ठं धरा. उरलेलं वाचन मूळ वाचनातून वजा केलं की थेट प्रकाश मिळतो.

तिरकेपणा मोजायला ६० सेंटीमीटर फळीची वरची कड खालच्या कडेपेक्षा ३० सेंटीमीटर उंच आहे का पाहा. ३० अंश म्हणजे तेवढंच. पण ६० हे माप फळीवरूनच घ्या, खालच्या पायावरून घेतलं तर कोन २६.६ अंशच भरेल.

एक अडचण १९९ वाल्या टेबलावरही येईल. उतार कामगाराकडे असतो, म्हणजे दिवा त्याच्या पाठीमागे, आणि वाकला की त्याचीच सावली कास्टिंगवर. माझ्या मते दिवा तेवढ्याच अंतरावर ठेवून ४५ अंश बाजूला, खांद्याच्या रेषेत सरकवा. x साधारण ०.८५ होतो आणि १८१ लक्स मिळतात. उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी डावा खांदा. मात्र ओरखडे आणि पृष्ठभागावरच्या भेगा शोधायच्या असतील तर मोठा लक्स आकडा कामाचा नाही; तिथे जवळजवळ फळीला घासत येणारा वेगळा दिवा लावा, कारण कडेची सावलीच भेग दाखवते.