डी वाढवला की हीटर का फडफडतो?

तुमचा PID कंट्रोलर बिघडलेला नाही, तापमान बदलण्याच्या वेगावर चालणारा त्याचा डी टर्म सेन्सरची थरथर मोठी करतोय. सेन्सर वाचणारी MAX6675 चिप तापमान 0.25 अंशांच्या पायऱ्यांनी देते. तुम्ही दर 0.25 सेकंदाला वाचता, म्हणजे एकच पायरी हलली तरी वेग दिसतो सेकंदाला 1 अंश. डीचा गुणक Kd 20 असेल तर आउटपुट 20 टक्क्यांनी उडी मारणारच!

लगेच Kd कमी करू नका (सगळे तेच करतात). आधी वेग गाळून घ्या:

```
d += 0.1 * (v - d)
```

`v` हा ताजा वेग. Kd ने `d` ला गुणा. तीच उडी आता 2 टक्के.

- 0.1 फार खाली नेलात तर डी उशिरा जागा होतो आणि तापमान पुन्हा वर झेपावतं.
- वेग एररचा नको, तापमानाचा घ्या, चिन्ह उलटं; नाहीतर सेटपॉइंट बदलताच झटका बसेल.