‘दरवर्षी’ हा शब्द मागाहून घालता येतो का?

प्रश्न : गेल्या वार्षिक सभेत छताच्या दुरुस्तीसाठी जादा वर्गणी ठरली. मी ती भरली. आता समिती म्हणते, ती दरवर्षी द्यायची होती. इतिवृत्तात ‘छताच्या दुरुस्तीसाठी जादा वर्गणी घेण्यास सर्वानुमते मंजुरी’ एवढंच आहे, आणि ते कायमही झालंय. सचिव म्हणतात, येत्या सभेत दुरुस्ती करून ‘दरवर्षी’ शब्द घालू. चालेल?

उत्तर : सभेत ‘दरवर्षी’ खरोखरच ठरलं असेल आणि लिहिताना राहिलं असेल, तरच चालेल. इतिवृत्त कायम करणं म्हणजे झालं ते बरोबर लिहिलंय, एवढीच मान्यता. निर्णय त्या सभेतच झालेला असतो. त्यामुळे दुरुस्तीच्या नावाखाली नवा निर्णय आत सरकवता येत नाही. कायम झालेलं इतिवृत्त साधारणपणे पुरावा मानलं जातं. ते खोटं ठरवायचं तर तसं म्हणणाऱ्यालाच दाखवून द्यावं लागतं. इथे मात्र ते चुकीचं नाही, मोघम आहे. मग त्याचा अर्थ सभेपुढच्या कागदांवरून लावायचा.

आधी सभेची नोटीस आणि विषयपत्रिका काढा. विषय ‘छताच्या दुरुस्तीचा खर्च’ असा आहे की ‘वार्षिक वर्गणीत वाढ’ असा? मग सोबत जोडलेलं अंदाजपत्रक बघा. समजा सदस्य चाळीस आहेत आणि प्रत्येकाची जादा वर्गणी अंदाजपत्रकाच्या बरोबर चाळिसाव्या भागाइतकी आहे. म्हणजे एकदा गोळा केली की खर्च भागतो. दुसऱ्या वर्षी ती कशासाठी घ्यायची, हे समितीला सांगता यायला हवं. उलट ती त्या चाळिसाव्या भागाच्याही दहाव्या हिश्शाइतकीच असेल, तर समितीच्या म्हणण्यात दम आहे आणि तुमची बाजू लंगडी पडते. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम जमेला धरली होती का, पावतीवर काय लिहिलंय, हेही पाहा.

एक पळवाट राहते. नोटिशीत एक असतं आणि सभेत उपसूचना येऊन वेगळंच ठरतं. म्हणून सचिवांची कच्ची टिपणं आणि इतिवृत्ताचा पहिला मसुदा मागा. वाद पेटण्याआधी लिहिलेल्या ओळीला जे वजन असतं, ते आता ‘मला पक्कं आठवतंय’ म्हणणाऱ्या दहा सह्यांना नसतं. (सह्या गोळा करायची हौस मात्र प्रत्येक संस्थेत असते.)

चूक खरीच निघाली, तरी मूळ ओळीवर खाडाखोड नको. दुरुस्तीचा ठराव येत्या सभेत मांडून त्याच सभेच्या इतिवृत्तात नोंदवायचा. जुन्या पानावर फक्त त्याचा तारखेसह हवाला आणि अध्यक्षांची सही. कागदांतून काहीच निष्पन्न झालं नाही, तर समितीने रीतसर नोटीस देऊन नवा ठराव आणावा, तो पुढच्या काळापुरता.

तुम्ही आजच सचिवांना लेखी पत्र देऊन हे कागद पाहायला मागा आणि पोच घ्या. सभेत हरकत घेतलीत, तर ती इतिवृत्तात नावानिशी नोंदवायला सांगा.