फिट आली तर काय करायचं, शाळेसाठी कार्ड

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे, तिला एपिलेप्सी आहे. वर्गात फिट आली तर बाईंनी काय करायचं, हे एका कार्डावर कसं लिहू?

उत्तर: कार्डावर पहिली ओळ मोठ्या अक्षरात: “घड्याळ बघा.” घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही दहा वाटतं, आणि पुढचा निर्णय वेळेवरच ठरतो.

मग: बाक, कंपास बाजूला सारा, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेली ओढणी ठेवा, गळ्याशी टाय असेल तर सैल करा. झटके ओसरू लागले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल, श्वास मोकळा राहील. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही नको. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतात. कांदा किंवा चप्पल हुंगवणारं कुणीतरी हमखास पुढे येतं, म्हणून तेही “नको”मध्ये लिहाच.

समजा, फिट ११:१० ला सुरू झाली. ११:१५ ला झटके चालूच असतील तर १०८ला फोन. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातला स्प्रे दिला असेल, तर कोणत्या नाकपुडीत किती फवारे आणि कधी, हे त्यांच्याकडूनच कार्डावर लिहून घ्या. शुद्ध न येता दुसरी फिट आली, डोक्याला जोरात लागलं किंवा झटके थांबूनही श्वास नीट नसेल, तर पाच मिनिटं थांबायचं नाही.

नंतर ती झोपेल, गोंधळेल; पूर्ण जाग येईपर्यंत खायला-प्यायला देऊ नका. चड्डी ओली होऊ शकते, दप्तरात जादा कपडे ठेवा.